गंजलेला बिडाचा तवा पुन्हा वापरात आणताना: गंज काढण्यापासून पहिल्या डोशापर्यंत

सासूबाईंचा दहा इंची बिडाचा तवा दोन पावसाळे माळ्यावर पडून होता. खाली काढला तेव्हा मधोमध तळहाताएवढा नारिंगी डाग होता आणि कडेने काळे पापुद्रे सुटलेले. मी तो तारेच्या घासणीने घासला, वर चांगलं चमचाभर तेल ओतून रात्रभर ठेवला आणि सकाळी मंद आचेवर तापवला. तव्यावर मधासारखा चिकट थर बसला. पहिला डोसा टाकला तर अर्धा डोसा तव्यालाच राहिला आणि जो निघाला त्याच्या पाठीला तपकिरी पापुद्रे चिकटलेले होते.

दुसऱ्या खेपेला तोच तवा नीट तयार झाला आणि आज रोज वापरात आहे. दोन्ही खेपांमधला फरक दोनच गोष्टींचा होता. पहिल्यांदा गंज पूर्ण निघाला नव्हता आणि तेल फार झालं होतं. खालच्या पायऱ्या त्या दुसऱ्या खेपेच्या आहेत. तव्यासमोर तुमचा साधारण अर्धा दिवस जाईल, त्यातला बराचसा वाट बघण्यात.

१. आधी तवा ओळखा आणि तपासा

बीड म्हणजे ओतीव लोखंड. बिडाचा तवा जाड आणि जड असतो, त्याचा पृष्ठभाग किंचित खरखरीत असतो आणि तो वाकत नाही, पडला तर तडकतो. पत्र्याचा लोखंडी तवा पातळ, हलका आणि गुळगुळीत असतो. गंज काढायची पद्धत दोन्हींना चालते, पण पत्र्याचा तवा लवकर तापतो, त्यामुळे पुढे दिलेल्या वेळा त्याला अर्ध्याच धरा.

मग तडा आहे का बघा. तवा एका हाताने दांड्याला धरून लटकवा आणि कडेवर चमच्याने हलकं वाजवा. घंटेसारखा लांबणारा आवाज आला तर तवा ठीक आहे. आवाज बद्द आला तर उजेडात नीट निरखून बघा, बहुधा कडेकडून आत जाणारी केसाएवढी रेघ सापडते. तडा गेलेल्या तव्यावर मेहनत करू नका. तापल्यावर तो तडा वाढत जातो.

शेवटी पांढरं कोरडं फडकं तव्यावर जोरात फिरवा. फडक्यावर नारिंगी किंवा विटकरी रंग आला तर गंज आहे. नुसता काळा आला तर तो जळलेल्या तेलाचा कीट आहे, गंज नव्हे. गंज दोन-चार ठिपक्यांपुरताच असेल आणि बाकी तवा काळा, गुळगुळीत असेल, तर सगळा तवा उघडा करायची गरज नाही. त्या ठिपक्यांवर जाडं मीठ आणि थोडं तेल घेऊन घासा, धुवा, वाळवा आणि थेट पाचव्या पायरीवर या. चांगला बसलेला जुना थर उगाच काढणं म्हणजे कित्येक महिन्यांची कमाई धुऊन टाकणं.

२. हाताशी काय हवं

- पांढरं व्हिनेगर, एक लिटर
- तवा आडवा मावेल असं प्लास्टिकचं टब किंवा स्टीलची परात (ॲल्युमिनियमची नको, व्हिनेगर तिलाही खातं)
- तारेची घासणी, आणि गंज खोल असेल तर ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर
- खायचा सोडा, दोन चमचे
- भांड्यांचा नेहमीचा साबण
- रबरी हातमोजे
- सुती जुनी फडकी, निदान चार, ज्यांचे धागे सुटत नाहीत अशी
- रिफाइंड तेल: सूर्यफूल, सोयाबीन किंवा शेंगदाणा, जे घरात असेल ते
- सांडशी किंवा जाड कापडाचा हातरुमाल

तेलाबद्दल इतकंच सांगते की जवसाच्या तेलाची शिफारस तुमच्या कानावर येईल. त्याचा थर कडक आणि देखणा बसतो हे खरं, पण पुढे तो पापुद्र्यांनी सुटायची तक्रारही त्याच तेलाबद्दल जास्त येते. रंगाच्या दुकानात मिळणारं उकळलेलं जवस तेल तर मुळीच आणू नका. ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंची रसायनं घातलेली असतात आणि ते स्वयंपाकाच्या भांड्यासाठी नसतं.

३. गंज काढा

आधी जेवढं हाताने निघतं तेवढं काढा. तवा ओला करून तारेच्या घासणीने गोल गोल घासा. कोरडा घासलात तर गंजाची भुकटी उडते आणि नाकातोंडात जाते. कडेचे सुटलेले पापुद्रे उलथन्याच्या धारेने खरवडा.

आता टबात एक लिटर व्हिनेगर आणि एक लिटर पाणी मिसळा आणि तवा पूर्ण बुडेल असा ठेवा. थोड्या वेळात बारीक बुडबुडे दिसू लागतील. अर्ध्या तासाने तवा बाहेर काढून घासा. गंज आता चिखलासारखा मऊ होऊन निघतो. कुठे उरला असेल तर पुन्हा वीस मिनिटं बुडवा आणि पुन्हा घासा. माझ्या तव्याला अर्धा तास आणि मग वीस मिनिटं असं दोनदा बुडवणं पुरलं.

बहुतेकांचं इथेच चुकतं. 'राहू दे रात्रभर, आपोआप निघेल' असं म्हणून तवा व्हिनेगरमध्ये सोडून देऊ नका. व्हिनेगर आधी गंज खातं, आणि गंज संपला की खालचं लोखंड खायला लागतं. रात्रभर राहिलेला तवा सकाळी करडा, खडबडीत आणि बारीक खड्ड्यांनी भरलेला निघतो, आणि तो खडबडीतपणा मग कायमचा राहतो. म्हणून दर अर्ध्या तासाने बाहेर काढून बघायचंच.

व्हिनेगर गंज काढतं, पण जळलेल्या तेलाचा जुना काळा कीट त्याने विरघळत नाही. तो सगळा काढायलाच हवा असंही नाही. उलथन्याने खरवडून जो निघत नाही, ज्यावर नख अडकत नाही, तो घट्ट बसलेला आहे आणि पुढच्या थराला तोच पाया होतो. फक्त त्याच्या कडेला पायरी राहता कामा नये. बोट फिरवल्यावर पायरी लागली तर तिथे पॉलिश पेपर मारून ती उतरती करा, आधी ८० नंबर आणि मग १२०.

तवा विस्तवात किंवा भट्टीत लाल होईपर्यंत टाकून 'शुद्ध' करायचा सल्लाही कोणीतरी देईलच. तो मानू नका. बीड एका जागी लाल आणि दुसऱ्या जागी काळं असं तापलं की तवा वाकडा होतो किंवा तडकतो. वाकडा तवा शेगडीवर डुगडुगतो, आणि मग डोसा एका बाजूला जळतो नि दुसऱ्या बाजूला कच्चा राहतो.

गंज निघाल्याची खूण म्हणजे तवा एकसारखा राखाडी, शिशाच्या रंगाचा दिसतो. ओलं फडकं फिरवलं तर त्यावर करडा-काळा रंग येत राहील. तो किती धुतला तरी संपत नाही, कारण बिडामध्ये मुळातच ग्रॅफाइटच्या रूपात कार्बन असतो. मी त्या करड्या रंगाच्या मागे लागून पाऊण तास घासत बसले होते. नारिंगी दिसेनासं झालं की थांबा.

४. धुणं आणि वाळवणं: इथे घड्याळ तुमच्या विरुद्ध आहे

दोन चमचे खायचा सोडा पाण्यात कालवून तव्याला चोळा म्हणजे उरलंसुरलं आम्ल मरतं. मग साबणाने धुवा आणि भरपूर पाण्याखाली धरा.

आता थांबायचं नाही. उघडं, ओलं बीड हवेत काही मिनिटांतच पुन्हा गंजायला लागतं. मी पहिल्यांदा तवा धुऊन ओट्यावर उभा ठेवला आणि दाराशी कोणी आलं म्हणून बोलायला गेले. दहा मिनिटांनी परत आले तर आख्ख्या तव्यावर फिकट केशरी साय आल्यासारखं झालं होतं. असं झालं तर घाबरू नका, खोल काही झालेलं नसतं. घासणी मारून, धुऊन लगेच पुढची कृती करा.

धुण्याआधीच गॅसजवळ कोरडी फडकी आणि तेल मांडून ठेवा. तवा धुतला की लगेच दोन्ही बाजूंनी फडक्याने पुसा आणि मंद आचेवर ठेवा. बीड मोठ्या आचेवर एकदम ठेवू नका. मधला भाग फुगायला बघतो आणि कड थंड राहते, त्याने तडा जाऊ शकतो. पाच-सात मिनिटांत तव्यावरची वाफ थांबते. दांडा जिथे तव्याला जोडलेला असतो ती खाच शेवटी वाळते, तिथे नीट बघा.

५. तेलाचा थर: लावण्यापेक्षा पुसण्याला महत्त्व

या थराला आपण सीझनिंग म्हणतो. तो नुसत्या तेलाचा नसतो. तेल अगदी पातळ पसरून धूर येईपर्यंत तापवलं की त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि बिडाला धरून कडक, कोरडी, गुळगुळीत साल बनते. तेल पातळ असेल तरच ही क्रिया पूर्ण होते. जाड असेल तर वरचं वाळतं, आतलं ओलं राहतं आणि चिकट थर होतो. माझ्या पहिल्या खेपेला नेमकं हेच झालं होतं.

तवा गरम आहे पण हातरुमालाने धरता येतो अशा बेताला आच बंद करा. अर्धा छोटा चमचा तेल घ्या. दहा इंची तव्याच्या दोन्ही बाजूंना, कडांना आणि दांड्याला मिळून एवढं पुरतं. एका फडक्याने सगळीकडे चोळा. मग दुसरं, कोरडं फडकं घ्या आणि सगळं तेल पुसून काढा. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तेल चुकून सांडलंय असं समज आणि पूस." मी पुसलं. "अजून पूस," त्या म्हणाल्या. तिसऱ्यांदा पुसल्यावर तवा कोरडा वाटत होता, चमक गेली होती, आणि मला वाटलं सगळंच तेल निघालं. निघत नाही. बिडाच्या बारीक रंध्रांत जेवढं राहतं तेवढंच हवं असतं.

आता गॅसवर. दांडा लाकडी किंवा प्लास्टिकचा असेल तर निघत असल्यास काढा. खिडक्या उघडा, एक्झॉस्ट पंखा लावा, धूर होणार आहे. तवा मध्यम आचेवर ठेवा. पाचेक मिनिटांत मधून धूर निघू लागेल. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या: बीड उष्णता पसरवण्यात मंद असतं. बर्नरच्या वर जी गोल कडी तापते तिथेच थर बसतो, कड तशीच चिकट राहते. म्हणून मधून धूर आला की तवा सरकवा. आधी एक बाजू ज्योतीवर, दोन-तीन मिनिटांनी पुढची, असं चारही बाजूंनी फिरवा. ज्या जागी धूर येऊन आपोआप थांबला ती जागा झाली. धूर येत असतानाच बंद केलंत तर तिथलं तेल अर्धवट राहतं.

एक फेरी साधारण पंधरा मिनिटांची होते. आच बंद करून दहा मिनिटं निवू द्या आणि पुन्हा तेच करा: अर्धा चमचा तेल, पुसणं, तापवणं. अशा पाच फेऱ्या करा. पहिल्या फेरीनंतर तवा गव्हाळ दिसतो, तिसरीनंतर कॉफीच्या रंगाचा, पाचवीनंतर गडद तपकिरी, कुठे कुठे काळा. पाच फेऱ्यांत तो जुन्या तव्यासारखा काळाभोर होत नाही आणि व्हायचीही गरज नाही. ती काळी झाक पुढच्या काही आठवड्यांच्या वापराने येते.

घरात ओव्हन असेल आणि तवा त्यात मावत असेल तर काम सोपं होतं, कारण आच सगळीकडून सारखी लागते. तेल लावून पुसलेला तवा १०० अंशांवर दहा मिनिटं ठेवा, बाहेर काढून पुन्हा एकदा पुसा (तापल्यावर तेल पातळ होऊन थेंब गोळा होतात, ते या वेळी निघतात), मग उपडा ठेवून २३० अंश सेल्सियसवर एक तास, आणि ओव्हन बंद करून आतच निवू द्या. असे तीन-चार थर पुरतात.

६. डोसा लगेच नको

नव्या थरावर सगळ्यात आधी डोसा किंवा घावन घालायचा मोह आवरा. पीठ ओलं असतं, पातळ पसरतं आणि थरातल्या प्रत्येक कच्च्या जागेला धरतं. पहिले पाच-सहा दिवस तेलावरचे पदार्थ करा: बटाट्याचे काप, थालीपीठ, तेलावर परतलेला कांदा. टोमॅटो, चिंच, आमसूल, लिंबू या काळात तव्यावर नको. आंबट रस कोवळा थर उतरवतो.

सातव्या दिवशी मी डोसा टाकला. डोसा चिकटण्यात थराइतकाच तव्याच्या तापमानाचाही दोष असतो, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

तवा मध्यम आचेवर पाच मिनिटं तापवा आणि पाण्याचे चार थेंब शिंपडा. थेंब पसरून हळूहळू आटले तर तवा थंड आहे, पीठ चिकटेल. थेंबांच्या गोळ्या होऊन तव्यावर पळायला लागल्या तर तवा फार तापला आहे. अशा तव्यावर पीठ टाकलं की ते जागीच शिजतं, पळीला चिकटून वर येतं आणि मधे भोक पडतं. तेव्हा आच कमी करा, थोडंसं पाणी शिंपडून फडक्याने पुसून घ्या. ओंजळभर थंड पाणी मात्र तापल्या बिडावर ओतू नका. चर्र आवाज होऊन पाणी लगेच उडालं की तवा बेताचा तापला आहे. अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून तव्यावर फिरवा, मग पीठ पसरा आणि आच वाढवा.

पसरल्यावर उलथनं लावायची घाई करू नका. त्या दिवशी माझ्या डोशाची कड आधी पांढरी होती, मग सोनेरी झाली, आणि मग एका जागी ती तव्यापासून नखभर उचलली गेली. तिथून उलथनं घातलं तर डोसा सहज निघाला. मधे, जिथे जुन्या गंजाने टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पाडले होते, तिथे पहिल्या दोन डोशांची साल थोडी राहिली. तिसऱ्यापासून तेही थांबलं.

जमल्यास हा तवा भाकरी-पोळीला वापरू नका. कोरडं पीठ मोठ्या आचेवर जळतं आणि बराच वेळ कोरडा तापलेला तवा आपला थर जाळून टाकतो. त्यासाठी वेगळा तवा ठेवा.

७. काही बिघडलं तर

तवा हाताला चिकट लागतो: तेल जास्त झालं किंवा आच कमी पडली. रिकामा तवा मध्यम आचेवर, धूर येऊन थांबेपर्यंत, बाजू फिरवत तापवा. निवल्यावरही चिकटच असेल तर जाडं मीठ टाकून घासा, धुवा, वाळवा आणि एक पातळ थर द्या.

पापुद्रे सुटतात: खाली गंज राहिला होता किंवा थर जाड होता. सगळा तवा पुन्हा उघडा करू नका. सुटलेली जागा खरवडा, कड पॉलिश पेपरने उतरती करा. खाली नारिंगी दिसलं तर व्हिनेगरमध्ये भिजवलेली चिंधी तिथे दहा मिनिटं ठेवा, घासा, सोड्याने धुवा, वाळवा, आणि त्या जागेला दोन-तीन थर द्या.

खाण्याला काळं लागतं: जळका कीट सुटतो आहे. तवा कोमट असताना मीठ आणि चमचाभर तेल घेऊन फडक्याने चोळा, पुसा, धुवा.

तव्याला खवट वास येतो: ठेवताना तेल जास्त लावलं होतं. साबणाने धुऊन तापवा, वास जातो.

८. रोजचं धुणं आणि पावसाळा

तवा कोमट असतानाच धुवा. भांड्यांचा सौम्य साबण चालतो, बसलेला थर त्याने निघत नाही. चालत नाही ते भिजत घालणं आणि तारेची घासणी. काही चिकटलं असेल तर तव्यात थोडं पाणी घालून उकळा आणि लाकडी उलथन्याने काढा.

धुतल्यावर पुसा आणि दोन-तीन मिनिटं गॅसवर ठेवा. नुसतं पुसून चालत नाही, रंध्रांत पाणी राहतं. तवा गरम असताना तेलाचे दोन थेंब चोळून पुसून टाका.

पावसाळ्यात किंवा गावाला जाताना तवा वर्तमानपत्राच्या दोन-तीन पदरांत गुंडाळून उभा ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, आत ओल कोंडते. सिंकच्या खालचा कप्पा आणि भिंतीला ओल येणारा माळाही टाळा. मी आता दर पंधरा दिवसांनी कागद उघडून पांढरं फडकं फिरवते. परवा दांड्याच्या खाचेत किंचित नारिंगी आलं होतं. मीठ-तेलाने घासलं, गॅसवर वाळवलं, तेल लावून पुसलं, आणि दहा मिनिटांत तवा पुन्हा कागदात गेला.